मखर महाग की स्वस्त, हे माळा ठरवतो

*ताई, बोरिवलीला आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 ला, सजावटीची बिलं एका पाकिटात जपून ठेवली होती. पुठ्ठ्याचं मखर 2,400, सहा एलईडी माळा 900, कापडी फुलांच्या माळा 1,600, मागचा सॅटिनचा पडदा 1,200 आणि दादरहून आणलेली ताजी फुलं 2,800. किरकोळ खर्च वेगळा, त्याचा हिशेब नाही. एलईडी माळा दिवाळीतही लावल्या. मखर माळ्यावर आहे, अजून काढून बघितलेलं नाही. यंदा यजमानांच्या मनात 7,200 रुपयांचं एमडीएफचं फोल्डिंग मखर घ्यायचं आहे, ‘एकदाच घेऊन टाकू’ म्हणतात. सासूबाईंना मात्र दरवर्षी नवीन आरास हवी असते. एखादा साधा तक्ता करून हे ठरवता येईल का? वस्तू किती वेळा वापरली आणि दर वेळी कितीला पडली, हे कळायला हवं.*
*– एक वाचक, बोरिवली*

ठरवता येईल. तुमच्याकडे बिलं आहेत, म्हणजे अर्धं काम झालंच आहे. पण तक्ता उघडण्याआधी स्टूल घ्या आणि माळ्यावरचं मखर खाली काढा. या सगळ्या हिशेबाचा निकाल त्या पुठ्ठ्याच्या तब्येतीवर आहे. ते का, हे पुढे आकड्यांत दाखवते.

आधी तक्ता. मोबाइलवर गूगल शीट्स असेल तर तेच पुरे. एका वस्तूला एक ओळ आणि आठच रकाने. तुमच्या बिलांवरून तो असा दिसेल:

| वस्तू | गट | वर्ष | रक्कम | अंदाजे वापर | झालेले वापर | प्रति वापर | अवस्था |
|---|---|---|---|---|---|---|---|
| पुठ्ठा मखर 2025 | मखर | 2025 | 2400 | 2 | 1 | 2400 | |
| एलईडी माळा 2025 | रोषणाई | 2025 | 900 | 6 | 2 | 450 | |
| कापडी फुलं 2025 | कृत्रिम फुलं | 2025 | 1600 | 4 | 1 | 1600 | |
| सॅटिन पडदा 2025 | कापड | 2025 | 1200 | 5 | 1 | 1200 | |
| ताजी फुलं 2025 | ताजं | 2025 | 2800 | 1 | 1 | 2800 | |

अंदाजे वापराचे आकडे मी घातले आहेत, तुम्हाला पटतील तसे बदला. किरकोळ खर्चाला मात्र स्वतःचा गट द्या, ‘जोडसाहित्य’ म्हणा. दुहेरी चिकटपट्टी, ग्लू गनच्या कांड्या, टाचण्या, सुतळी, एक्स्टेंशन बोर्ड आणि सामान आणायला केलेली रिक्षा, सगळं त्यात. हिशेबातून निसटतं ते हेच, कारण याला बिल नसतं आणि यातलं बरंचसं दरवर्षी पुन्हा आणलं जातं. पूजेचं साहित्य, नैवेद्य, मूर्ती आणि दक्षिणा या तक्त्यात आणू नका. तो सजावटीचा खर्च नाही, आणि एकत्र केलात तर दोन्हींपैकी कशाचाच अंदाज येणार नाही.

‘एक वापर’ म्हणजे काय, हे सुरुवातीलाच ठरवून टाका. सणासाठी वस्तू लावली आणि उतरवली, की एक वापर झाला. मग गणपती दीड दिवसाचा असो की दहा. वर्षं मोजायला गेलात तर घोटाळा होतो. तुमच्या एलईडी माळा गणपतीत आणि दिवाळीत लागल्या, म्हणजे वर्ष एक पण वापर दोन. यंदा नवरात्रात घटाजवळही लावल्यात तर वर्षाला तीन होतील. उलट मखर वर्षातून एकदाच उभं राहतं. नणंदेने नवरात्रासाठी पडदा नेला, तर तोही वापर धरा. वस्तू घराबाहेर गेली तरी कामालाच आली ना.

प्रति वापर खर्च काढायला सातव्या रकान्यात, म्हणजे G2 मध्ये, हे सूत्र टाका आणि खाली ओढा:

```
=IF(F2="","",SUMIF(A:A,A2,D:D)/F2)
```

नुसता रक्कम भागिले वापर असा साधा भागाकार का नाही घेतला? कारण वस्तू घेतल्यावर तिच्यावर पुढेही खर्च होतो. पुढच्या वर्षी मखराला रंगाचा हात दिला किंवा नवी बिजागरी बसवली, तर त्या खर्चाची नवीन ओळ करा. वस्तूचं नाव अक्षरशः तेच लिहा, वर्ष नवं घाला, रक्कम लिहा आणि ‘झालेले वापर’ रिकामं ठेवा. सूत्र त्या नावाच्या सगळ्या रकमा गोळा करतं आणि मूळ ओळीतल्या वापरांनी भागतं. म्हणून नावात वर्ष हवं. नाहीतर 2026 ला घेतलेलं दुसरं पुठ्ठ्याचं मखर पहिल्याच्या हिशेबात मिसळेल.

वर्षभरात एका गटावर खिशातून किती गेले, ते असं:

```
=SUMIFS(D:D,B:B,"रोषणाई",C:C,2025)
```

बेरीज शून्य आली तर बहुतेक गटाच्या नावात एखादी जादा जागा पडलेली असते, किंवा आकडे देवनागरी कळफलकाने टाइप झालेले असतात. अशा आकड्यांना शीट बऱ्याचदा मजकूर समजते. ओळखायची खूण सोपी आहे: खरा आकडा खणाच्या उजव्या कडेला जातो, मजकूर डावीकडे चिकटतो.

ही दोन सूत्रं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात आणि घरातले वाद बहुतेक यांची सरमिसळ झाल्यामुळेच होतात. एक, यंदा किती पैसे गेले. दोन, ही वस्तू दर वेळी कितीला पडते. फोल्डिंग मखर घेतलंत तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर यंदा फुगणारच. ‘बघा, एकदाच घेऊन टाकू म्हणालात आणि खर्च तिप्पट झाला’ असं म्हणणं जितकं अर्धवट, तितकंच ‘आता दहा वर्षं बघायला नको’ म्हणणंही.

आता मखराचा हिशेब. गेल्या वर्षीचं मखर एकाच वापरात संपलं आणि तुम्ही दरवर्षी 2,400 चं नवं घेतलं, असं आधी धरू. फोल्डिंगचे पहिल्या वर्षी 7,200. दुसऱ्या वर्षापासून डागडुजी आणि थोडा बदल यासाठी वर्षाला 500 धरते. इतकं न धरता केलेला हिशेब खरा नाही, कारण तेच ते मखर कोणी अगदी तसंच्या तसं उभं करत नाही. तिसऱ्या गणपतीपर्यंत पुठ्ठ्यावर 7,200 गेलेले असतील आणि फोल्डिंगवर 8,200. चौथ्या गणपतीला पुठ्ठा 9,600, फोल्डिंग 8,700. म्हणजे चौथ्या वर्षी फोल्डिंग पुढे जातं. तेव्हा त्याचा प्रति वापर 2,175 असतो, सहाव्या वर्षी 1,617 च्या आसपास येतो. इथपर्यंत तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर आहे.

पण पुठ्ठ्याचं मखर दुसऱ्या वर्षीही उभं राहिलं तर? मग पुठ्ठा पडतो वर्षाला 1,200 ला, आणि चित्र पार बदलतं. आठव्या गणपतीपर्यंत पुठ्ठ्याची चार मखरं होतात, 9,600 रुपये. फोल्डिंगचे तोवर 10,700 झालेले असतात. नवव्या वर्षी पाचवं मखर घ्यावं लागेल, तेव्हा कुठे फोल्डिंग स्वस्त ठरतं. चार वर्षं आणि नऊ वर्षं, एवढं अंतर फक्त पुठ्ठा एकदा जास्त वापरता आला की नाही, यावर पडतं. म्हणून म्हटलं, आधी माळ्यावर चढा.

मखर खाली काढल्यावर घाईने उभं करू नका. पिशवी उघडताच वास घ्या. कुबट वास आला तर ओल आत शिरली आहे. मग खाचा बघा, म्हणजे जिथे एक तुकडा दुसऱ्यात अडकतो ती जागा. पुठ्ठा सगळ्यात आधी तिथेच मरतो. कडेला नखाने हलकेच दाबा. कडा कडक असेल तर ठीक, दबून थर सुटायला लागले तर ती खाच वजन धरणार नाही. करडे-हिरवट ठिपके ही बुरशी. ती वरवर असेल तर कोरड्या फडक्याने पुसून रंग देता येतो, पुठ्ठ्याच्या आत गेली असेल तर नाही. शेवटी मखर जोडा, माळा अडकवा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी कमान मधोमध खाली आलेली दिसली, तर पुठ्ठ्यातला जोर गेलाय. एक-दोन खाचाच गेल्या असतील, तर मागून पुठ्ठ्याची जाड पट्टी फेव्हिकॉलने लावली की वर्ष निघतं. पूर्ण वाळायला एक दिवस तरी द्या.

जे दिसेल ते शेवटच्या रकान्यात लिहा. मी तिथे आकडे वापरते: 3 म्हणजे तसंच लावता येईल, 2 म्हणजे डागडुजी करून, 1 म्हणजे सुटे भागच कामाचे, 0 म्हणजे काढून टाका. पुनर्वापराचं मूल्य म्हणतात ते खरं तर हे. दुकानदार ‘पाच वर्षं चालेल’ म्हणाला, तो झाला अंदाज, त्याचा रकाना वेगळा. अवस्था भरायची वेळ एकच, सजावट आवरताना, वस्तू हातात असताना. माळ्यावर एखादं जुनं थर्माकोलचं मखर अजून पडलं असेल तर त्याला सरळ 0 द्या. राज्यात 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे.

मुंबईत वस्तू वापरून जितकी खराब होते, त्याहून जास्त ठेवून होते. 2025 साली पाच दिवसांचे गणपती 31 ऑगस्टला गेले. तेव्हा पावसाचा महिनाभर तरी बाकी होता. त्या दिवशी मखर सुटं करून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं असेल, तर दमट हवाही सोबत बंद झाली. यंदा गणपती 14 सप्टेंबरला बसतात, पण विसर्जनाच्या सुमाराला हवा फार काही वेगळी नसेल. म्हणून आवरलं की तुकडे लगेच पिशवीत घालू नका. पलंगामागे किंवा कपाटाच्या बाजूला उभे टेकवून ठेवा, पंख्याचा वारा लागू द्या आणि ऑक्टोबरचं ऊन पडायला लागलं की बांधा. प्रत्यक्ष उन्हात मात्र ठेवू नका, पुठ्ठा वाकतो. अनेक इमारतींत माळा न्हाणीघराच्या डोक्यावर असतो. त्या भिंतीला तुकडे टेकू नयेत, खाली दोन पट्ट्या द्याव्यात आणि वर जड काही ठेवू नये. एवढं केलंत तर तक्त्यातला पुठ्ठ्याचा 2,400 हा आकडा 1,200 व्हायला बराच वाव आहे.

आता समजा, पुठ्ठ्याला 0 मिळाला आणि फोल्डिंग घ्यायचंच ठरलं. तरीही दुकानात जाण्याआधी फूटपट्टी घेऊन बसा. मूर्तीची उंची मुकुटापर्यंत मोजा, त्यात चौरंगाची उंची मिळवा आणि वर आरती ओवाळताना हात फिरेल इतकी जागा सोडा. तुमची मूर्ती दरवर्षी सारख्याच उंचीची असते का? एक वर्ष बारा इंच आणि पुढच्या वर्षी हौसेने अठरा इंच आणली, तर नऊ वर्षं टिकणारं मखर दुसऱ्याच वर्षी माळ्यावर बसतं, आणि झालेले वापर 1 च राहतात. मूर्तिकाराकडे नोंदणी करताना मखराची आतली उंची, रुंदी आणि खोली सांगता यावी, म्हणून ती मापं वस्तूच्या नावावर कॉमेंट म्हणून टाकून ठेवा. घडी केल्यावरचं माप माळ्याच्या दाराशीही ताडून बघा.

एमडीएफला पाणी सोसत नाही. लादी पुसताना खालची कडा ओली झाली की ती फुगते, आणि फुगलेली कडा पुन्हा बसत नाही. म्हणून खालच्या कडेलाही रंग किंवा पट्टी आहे ना ते मखर आडवं करून बघा. दुकानात समोरची नक्षी दाखवतात, खालून कोणी दाखवत नाही. बिजागरी नुसत्या स्क्रूने फळीच्या कडेत बसवलेली असेल, तर दरवर्षीच्या उघडमिटीत ते भोक सैल होतं. आरपार नट-बोल्ट असेल तर जास्त टिकतं. हे बघूनच ‘अंदाजे वापर’ मध्ये आकडा घाला. बिजागऱ्या स्क्रूच्या आणि खालची कडा उघडी असलेल्या मखराला मी चारपेक्षा जास्त देणार नाही. आणि चार वापर म्हणजे वरच्या हिशेबात जेमतेम बरोबरी. त्या किमतीला ते घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एलईडी माळांचा हिशेब तुमच्या बाजूने आहे. सहापैकी दोन बंद पडल्या तरी रक्कम 900 च ठेवा, कमी करू नका. पैसे सहाचे गेले आहेत. यंदा तिन्ही सणांना लावल्या तर एकूण वापर पाच होतील आणि प्रति वापर 180. लोहार चाळीत महागाच्या माळाही मिळतात, पण माळा गुंडाळून ठेवायची सवय तीच राहिली तर त्याही तशाच जातील. माळ बऱ्याचदा दिवा गेल्यामुळे बंद पडत नाही, घाईत मुठीत गोळा करून कोंबल्याने तार तुटते आणि तेवढा पट्टा विझतो. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सैल गुंडाळा आणि चिठ्ठीवर लांबी लिहा.

कापडी फुलांकडे जरा बारकाईने बघा. ती घेताना बहुतेक विचार असा असतो की ताजी फुलं कमी लागतील. मग 2026 ला ‘ताजं’ या गटाची बेरीज 2,800 वरून खाली आली का, ते बघा. आली, तर कापडी फुलांनी काम केलं. झेंडू-शेवंती तेवढीच आली आणि कापडी माळाही लागल्या, तर ती बचत नव्हे, जादाची सजावट होती. प्रति वापर आकडा कितीही छान खाली येवो, हे तो सांगणार नाही. ते गटाची वार्षिक बेरीजच सांगते. ताज्या फुलांना मात्र पुनर्वापराच्या फूटपट्टीने मोजू नका. त्यांचा एकच वापर असतो आणि तो तसाच असायला हवा. खर्च कमी करायचाच असेल तर बाप्पा बसण्याच्या आदल्या दिवशीच्या दादरच्या गर्दीत पाचही दिवसांची फुलं एकदम घेऊ नका. पहिल्या दिवसापुरती घ्या, उरलेली रोज जवळच्या बाजारातून. पाचव्या दिवसाची फुलं पहिल्याच दिवशी आणली तर त्यातली निम्मी फेकावी लागतात.

राहिल्या सासूबाई. त्यांच्या हौसेला तक्ता दाखवून गप्प करू नका, तिचा भाव काढा. फोल्डिंग मखर घरात आल्यावर पुढच्या वर्षी तेच लावायचं तर साधारण 500 लागतील आणि पूर्ण नवी आरास करायची तर 2,400. फरक 1,900. त्या वर्षी हौस 1,900 ची वाटली तर खुशाल करा. ‘मखराचे पैसे अजून वसूल झाले नाहीत’ हे तेव्हा मध्ये आणू नका. 7,200 गेले ते गेले, ते काहीही केलं तरी परत येत नाहीत. प्रति वापर आकडा पुढची खरेदी करताना उपयोगी, आधीची खरेदी जबरदस्तीने वापरायला लावण्यासाठी नाही.

आणि मधला मार्ग आहे. डोळ्यांना बदल जाणवतो तो बहुतेक मागच्या कापडात. चौकट तीच ठेवून मंगलदास मार्केटमधून दरवर्षी वेगळं कापड आणा, रंग सासूबाईंना निवडू द्या. चारेक मीटर साधं कापड त्या 500 मध्ये बसवता येतं, आणि जुना पडदा नवरात्रात घटामागे किंवा दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या चौरंगाखाली घालता येतो. तेव्हा त्याच्या ओळीत वापर वाढवायला विसरू नका. तक्ता यजमानांच्या मोबाइलवरही शेअर करून ठेवा, म्हणजे माळा उतरवणारा माणूसच त्या दिवशी अवस्था भरेल.